वाय-फाय जोडलं, पण पान उघडेना

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घेऊन बसा, एक-दोन आकडे लिहून घ्यायला सांगणार आहे.

गेल्या दिवाळीत माझी भाची सांगलीला घरी आली, तिचा मॅक लॅपटॉप घेऊन. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "मावशी, वाय-फायला जोडलंय, वर ते पंख्यासारखं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतंय, पण एक पान उघडेल तर शपथ. नुसतं फिरत राहतं आणि मग सांगतं, सर्व्हरकडून उत्तर नाही." मी विचारलं, "तुझ्या फोनवर, त्याच वाय-फायवर?" फोनवर सगळं नीट चालत होतं. म्हणजे राउटर आणि त्यापुढची लाइन दोन्ही ठीक, बिघाड लॅपटॉपमध्येच. ही साधी चौकशी आधी करावी. ती न करता लोक राउटर दहा वेळा बंद-चालू करतात आणि घरातल्या बाकीच्यांचंही नेट घालवतात.

ते भरलेलं चिन्ह नेमकं काय सांगतं, ते आधी पाहू. लॅपटॉप आणि राउटर यांच्यात रेडिओ लहरींची जोडणी झाली, पासवर्ड बरोबर होता, एवढंच ते सांगतं. त्यापुढे निरोप कुठपर्यंत जातो, याबद्दल त्या चिन्हाला काही ठाऊक नसतं. आणि पान "टाइम आउट" होतं म्हणजे काय? समोरून कुणी नकार दिला असता तर तो लगेच आला असता. इथे नकारसुद्धा आलेला नाही. निरोप गेला, कुठेतरी हरवला, आणि लॅपटॉप उत्तराची वाट बघत बसला. म्हणून शोधायचं ते इतकंच, की निरोप नेमका कुठे हरवतो.

भाचीला मी टर्मिनल उघडायला सांगितलं आणि एक ओळ टाइप करायला लावली:

```
ping -c 4 1.1.1.1
```

ही जगभर वापरली जाणारी एक सार्वजनिक सेवा आहे, आणि तिला नावाने नव्हे तर थेट आकड्याने हाक मारता येते. चार हाका मारायच्या आणि उत्तरं मोजायची. तिच्याकडे चारही हाका वाया गेल्या, शंभर टक्के नुकसान. तेव्हा मी दुसरी ओळ सांगितली:

```
route -n get default
```

बाहेर जाणारा निरोप लॅपटॉप कोणत्या दाराने पाठवतो, ते ही ओळ सांगते. उत्तरात "gateway" पुढे 192.168.10.1 होतं आणि "interface" पुढे en7. घरातल्या वाय-फायचे पत्ते 192.168.1 ने सुरू होतात, हे मला माहीत होतं. शिवाय त्या लॅपटॉपचं वाय-फाय म्हणजे en0. मग हे en7 कुठून आलं?

"अगं, लॅपटॉपला काही लावलंयस का?" तर होय. टेबलावर एक छोटा हब होता, त्यात पेन ड्राइव्ह, माउस आणि एक लॅनची वायर. ती वायर जात होती तिच्या बाबांच्या दुकानातल्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरकडे. कॅमेरे लॅपटॉपवर बघता यावेत म्हणून मागच्या वेळी कुणीतरी त्या वायरच्या जोडणीत पत्ता हाताने भरून ठेवला होता, आणि राउटरच्या रकान्यातही एक आकडा टाकला होता. त्या आकड्यावर प्रत्यक्षात कुणीच नव्हतं.

मॅकमध्ये प्रत्येक जोडणीला "सर्व्हिस" म्हणतात, आणि त्या सगळ्यांची एक क्रमवार यादी असते. ज्या जोडण्या चालू आहेत त्यांतली जी यादीत सगळ्यात वर, तिच्यातूनच बाहेरचा निरोप जातो. वायर काढलेली असेल तर ती जोडणी आपोआप वगळली जाते. पण वायर लावलेली आहे, पत्ता भरलेला आहे, मग तिच्या पलीकडे खरोखर इंटरनेट आहे की नाही, याची खात्री लॅपटॉप करून घेत नाही. कॅमेऱ्यांची वायर यादीत वाय-फायच्या वर होती. म्हणून भाचीचा प्रत्येक निरोप रेकॉर्डरच्या दिशेने जाऊन विरत होता, आणि वाय-फायचं चिन्ह मात्र डौलात भरलेलं होतं.

हा क्रम बदलायचा कसा? "System Settings" मध्ये "Network" उघडा. खाली तीन टिंबांचं एक बटण दिसेल. त्यात "Set Service Order" आहे. यादीतली "Wi-Fi" ची ओळ धरून वर ओढा आणि "OK" करा. इथे अनेकांना भीती वाटते, की मग कॅमेरे दिसेनासे होतील. होत नाहीत. हा क्रम बाहेरगावच्या निरोपांसाठी आहे. वायरीवरच्या शेजाऱ्याशी, म्हणजे त्याच 192.168.10 च्या वस्तीतल्या रेकॉर्डरशी, लॅपटॉप वायरीनेच बोलत राहतो. पण ऑफिसात ज्यांच्या वायरीतून वेगवान इंटरनेट येतं, त्यांनी वाय-फाय वर ओढण्याआधी विचार करावा. तिथे ते केलंत तर वायर लावूनही सगळं वाय-फायने जात राहील.

क्रम बदलल्यावर चारही हाकांना उत्तर आलं. भाची खूश झाली, ब्राउझर उघडला, आणि पुन्हा तेच. फिरत राहिलं.

दोन बिघाड एकावर एक असू शकतात, आणि पहिला गेल्याशिवाय दुसरा दिसत नाही. आता आकड्याला मारलेली हाक पोहोचत होती, पण नावाला मारलेली पोहोचत नव्हती. आपण पत्त्याच्या पट्टीत नाव लिहितो, आणि त्या नावाचा आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली, आणि आजही एकेक पान उघडण्याआधी आपला लॅपटॉप तिलाच विचारतो. कुणाला विचारायचं, हे सहसा राउटरच सांगतो. पण तुम्ही हाताने एखादा आकडा भरून ठेवलात, तर मॅक राउटरचं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. कोणाला विचारलं जातंय ते असं दिसतं:

```
scutil --dns | head
```

भाचीकडे "nameserver" पुढे 10.20.0.5 दिसलं. 10 ने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात, एखाद्या संस्थेच्या भिंतींच्या आत वापरायचे. तिने आठवून सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी जुन्या नोकरीत आतली संगणकप्रणाली उघडत नव्हती, तेव्हा तिथल्या माणसाने हा आकडा भरून दिला होता. त्या इमारतीत तो उपयोगी होता. सांगलीच्या घरातून त्याला विचारलेला प्रश्न राउटरच्या बाहेर पडून गायब होतो. तिथूनही नकार येत नाही, फक्त शांतता येते. म्हणून पुन्हा वाट बघणं.

इथे मॅकची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण फोन वापरणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. आयफोनमध्ये डीएनएसचा आकडा ज्या त्या वाय-फायपुरता साठवला जातो. मॅकमध्ये तो वाय-फाय या संपूर्ण जोडणीला चिकटतो. ऑफिसच्या वाय-फायवर बसून भरलेला आकडा घरी, हॉटेलात, विमानतळावर, सगळीकडे तुमच्याबरोबर येतो. तुम्हाला वाटतं आपण त्या एका जागेपुरतं केलं होतं.

काढायचा असा: "System Settings", त्यात "Wi-Fi", जोडलेल्या नेटवर्कशेजारी "Details", मग "DNS". हाताने भरलेला आकडा निवडा आणि वजाच्या चिन्हावर दाबा. तो गेला की राउटरने दिलेला आकडा फिकट राखाडी रंगात दिसू लागेल. रंगावरून ओळखा, फिकट म्हणजे राउटरचा, ठळक म्हणजे कुणीतरी भरलेला. टर्मिनल आवडणाऱ्यांसाठी तेच एका ओळीत:

```
networksetup -setdnsservers Wi-Fi empty
```

मात्र आधी जुना आकडा वहीत उतरवून ठेवा. ऑफिसात परत जाल तेव्हा तो लागू शकतो. यादीत दोन आकडे असतील, पहिला मेलेला आणि दुसरा जिवंत, तर पानं उघडतात, पण नव्या ठिकाणी गेलं की अडखळत. "नेट हल्ली मंद झालंय" अशी तक्रार माझ्याकडे येते, तेव्हा मी आधी हाच रकाना बघते.

भाचीचं पान त्या संध्याकाळी उघडलं. पण जानेवारीत ती पुण्याच्या वसतिगृहात गेली आणि पुन्हा फोन. या वेळी वायर नव्हती, डीएनएसचा रकाना स्वच्छ होता, पत्ताही नीट मिळालेला होता. पिंगला मात्र उत्तर नव्हतं. काही संस्था पिंग मुद्दाम अडवतात, त्यामुळे अशा ठिकाणी नुसत्या पिंगवर निकाल देऊ नये. मी विचारलं, "वसतिगृहात लॅपटॉपची नोंद करावी लागते का?" लागत होती. प्रवेशाच्या वेळी ऑफिसात तिने लॅपटॉपचा मॅक पत्ता लिहून दिला होता. नाव सारखं असलं तरी हा पत्ता म्हणजे कंपनीचा मॅक नव्हे. प्रत्येक वाय-फाय यंत्राला कारखान्यातून मिळालेला, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा तो क्रमांक असतो. नोंदलेल्या क्रमांकालाच पुढे सोडायचं, अशी त्या वसतिगृहाची रचना होती. नोंद नसलेल्यालाही वाय-फायला जोडून घ्यायचं, पत्ता द्यायचा, पण बाहेर मात्र जाऊ द्यायचं नाही.

२०२४ साली आलेल्या मॅक ओएस सिकोयापासून लॅपटॉप हा खरा क्रमांक लपवू शकतो. दुकानात, स्टेशनवर कुणी त्या क्रमांकावरून तुमचा माग काढू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगली आहे. त्याच "Details" मध्ये "Private Wi-Fi address" असं लिहिलेलं असतं, आणि तीन पर्याय: "Off", "Fixed", "Rotating". "Fixed" म्हणजे या नेटवर्कपुरता एक ठरलेला खोटा क्रमांक. "Rotating" म्हणजे अधूनमधून बदलणारा. भाचीकडे "Rotating" होतं. तिने पडद्यावरचा क्रमांक वाचून दाखवला, त्यातलं दुसरंच अक्षर E होतं. दुसऱ्या जागी 2, 6, A किंवा E असेल तर तो क्रमांक कारखान्यातला नाही, बनवलेला आहे, एवढी खूण लक्षात ठेवली की पुरते.

तिने आधी "Off" केलं. वाय-फाय एकदा तुटून जोडलं गेलं आणि पानं उघडली, कारण नोंद खऱ्या क्रमांकाची होती. मी तिला दुसरा मार्ग सुचवला: "Fixed" ठेव आणि तो क्रमांक ऑफिसात नोंदवून घे. खरा क्रमांकही झाकलेला राहतो आणि दरवाजाही उघडतो. एकच काळजी, ते नेटवर्क लॅपटॉपमधून "Forget" केलं तर पुढच्या वेळी क्रमांक वेगळा येऊ शकतो, मग पुन्हा नोंद करावी लागेल. ऑफिसातल्या बाईंनी नवा क्रमांक आनंदाने लिहून घेतला, आणि जुन्यावर एक रेघ मारली.