‘चिखली’ उर्दूत लिहिताना

कुरआन वाचता येतं, त्यांनी आपल्या जिल्ह्यातली चिखली उर्दूत पाहा: چکھلی. पहिलं अक्षर ‘चे’ अरबीत नाही. ‘जीम’चा एक नुक्ता तीन केला की ‘चे’ होतं. पुढच्या ‘ख’ला अरबीचं ‘खे’ चालत नाही, ते ‘खबर’मधलं घशातलं. इथे ‘काफ’ला दोचश्मी ‘हे’ जोडतात.

आता मोबाइल. अरबी कीबोर्डचे काफ आणि ये म्हणजे U+0643 आणि U+064A. उर्दूचे U+06A9 आणि U+06CC. शब्दाच्या मध्ये दोन्ही काफ सारखेच दिसतात, पण साध्या शोधात नाव सापडत नाही. खूण एकच: शेवटच्या ‘ये’खाली दोन नुक्ते दिसले, की कीबोर्ड अरबी आहे. तो बदलून शब्द पुन्हा लिहा.