जॉइनिंगची तारीख पुढे कशी मागायची? परीक्षा आणि ऑफर लेटर एकत्र आल्यावर

आजचा विषय जालना, अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, अगदी कुठूनही ऐकणाऱ्या शेवटच्या सेमिस्टरवाल्यांसाठी आहे. एप्रिल-मे आला की दोन गोष्टी एकदम येतात. एकीकडे विद्यापीठाचं टाइमटेबल, दुसरीकडे एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचं ऑफर लेटर. आणि दोन्हीच्या तारखा एकमेकींवर येऊन आदळतात. मग एचआरला फोन करून काय म्हणायचं? बहुतेक जण म्हणतात, "सर, एक्झाम आहे, थोडा टाइम मिळेल का?" गडबड इथेच होते. एचआरला "थोडा टाइम" कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही. त्याला तारीख लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, परतूरची एक मुलगी आहे. बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर, कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये तिची निवड झाली. ऑफर लेटर मेलवर आलं. जॉइनिंग सोमवार, 4 मे. तीन दिवसांत होकार कळवा, असं त्यात लिहिलंय. आणि तिचे पेपर आहेत 22 एप्रिल ते 14 मे.

आता तिने मागायची तारीख कोणती? पटकन वाटतं, 15 मे. शेवटचा पेपर 14 ला, दुसऱ्या दिवशी कामावर. पण थांबा. लेखी पेपरच्या तारखा विद्यापीठाच्या टाइमटेबलमध्ये असतात, प्रॅक्टिकलच्या मात्र बऱ्याचदा वेगळ्या ठरतात. बाहेरचे परीक्षक कधी येणार, यावर त्या अवलंबून असतात. म्हणून आधी विभागप्रमुखांना जाऊन विचारायचं, "सर, आमचं प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टची व्हायवा कधी आहे?" समजा उत्तर मिळालं, 19 आणि 20 मे. मागच्या सेमिस्टरचा बॅकलॉग असेल तर त्याचीही तारीख इथेच धरायची. लाज वाटते म्हणून तो लपवला, तर पुन्हा सुट्टी मागायची वेळ येते, आणि ते जास्त वाईट दिसतं.

म्हणजे तिचं खरं शेवटचं काम 20 मे, बुधवार. प्रॅक्टिकल एखाददुसरा दिवस सरकलं, जालन्यात खोली बघायची झाली, तर त्यासाठी थोडी जागा ठेवायची. पुढचा सोमवार येतो 25 मे. हीच तिची तारीख. कंपनीच्या तारखेपेक्षा बरोबर तीन आठवडे पुढे. दोन महिने मागितले तर एचआरला वाटेल की ही दुसरीकडेही बघतेय. आणि 15 मे मागून पुन्हा 25 मागितली, तर पहिला शब्दही फुकट जातो. त्यामुळे एकदाच मागा, पण पुरती मागा.

कधी मागायचं? होकार कळवायच्या त्या तीन दिवसांत. आधी "आय ॲक्सेप्ट" पाठवून मोकळं व्हायचं आणि 2 मेला फोन करायचा, असं करू नका. कंपनी नवीन लोकांना अनेकदा बॅचने घेते. त्या दिवशीचं ट्रेनिंग, गेटपास, मेडिकल, सगळं ठरलेलं असतं. आधी कळलं तर तुमचं नाव पुढच्या बॅचमध्ये टाकता येतं. आदल्या दिवशी कळलं तर एचआरला त्याच्या साहेबाची बोलणी खावी लागतात.

आधी फोन, मग लगेच मेल. फोनवर एवढंच: "मॅडम, ऑफर मिळाली, मला जॉइन करायचंच आहे. माझी शेवटची विद्यापीठ परीक्षा आणि प्रॅक्टिकल 20 मेला संपतंय. मी 25 मेला जॉइन होऊ शकते का? टाइमटेबल मेल करते." आणि मेल असा:

"विषय: जॉइनिंगची तारीख 4 मेऐवजी 25 मे करण्याबाबत.

आदरणीय मॅडम, लॅब असिस्टंट पदासाठी दिलेली ऑफर मला मान्य आहे. माझ्या बी.एस्सी. अंतिम सेमिस्टरचे लेखी पेपर 22 एप्रिल ते 14 मे आणि प्रॅक्टिकल 19 व 20 मे रोजी आहेत. म्हणून मला 25 मे रोजी रुजू होण्याची परवानगी द्यावी. विद्यापीठाचं टाइमटेबल आणि कॉलेजचं पत्र सोबत जोडलं आहे. नवीन तारीख मान्य असल्यास कृपया मेलवर कळवावं. तसंच अंतिम मार्कशीट कधीपर्यंत जमा करायची, तेही सांगावं."

बस, एवढंच. ऑफर लेटर इंग्रजीत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत करा, पण लांबवू नका. घरची अडचण, आईची तब्येत, काहीही जोडू नका. टाइमटेबल हा पुरावा पुरेसा आहे. हॉल तिकीट उशिरा येतं, त्याची वाट बघू नका. प्रॅक्टिकलच्या तारखा टाइमटेबलमध्ये नसतील तर कॉलेजकडून सही-शिक्क्याचं दोन ओळींचं पत्र घ्या.

मार्कशीटचा प्रश्न मुद्दाम टाकलाय. परीक्षा संपणं वेगळं आणि निकाल लागणं वेगळं. अमुक महिन्यांत पदवीचा पुरावा द्या, अशी अट ऑफर लेटरमध्ये असू शकते. निकाल लांबला तर काय, हे आत्ताच विचारलेलं बरं.

आता सगळ्यात मोठा धोका. फोनवर एचआर म्हणतो, "हो हो, बघू, काही प्रॉब्लेम नाही." हा होकार नाही! ऑफर लेटर नीट वाचा. दिलेल्या तारखेला रुजू न झाल्यास ही ऑफर रद्द समजावी, असं वाक्य त्यात असू शकतं. लेखी बदल नसेल तर 4 मे उलटल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही. नवीन तारखेचं लेटर किंवा निदान "25 मे मान्य" असा मेल आला, तरच काम झालं. आणि भरती कन्सल्टन्सीमार्फत असेल तर जास्त जपून. मधल्या माणसाला तारीख बदलायचा अधिकार नसू शकतो. त्याला सरळ विचारा, "कंपनीच्या एचआरचा मेल येईल ना?" दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन, आणि त्याच मेलखाली एक आठवण.

नकार आला तर? मग दोन गोष्टी विचारा. पुढची बॅच कधी आहे? आणि 4 मेला जॉइन होऊन फक्त पेपरच्या दिवशी बिनपगारी सुट्टी मिळेल का? दुसऱ्याला हो म्हणण्याआधी दिवस मोजा. आपल्या परतूरच्या मुलीचे 4 मेनंतर समजा चार लेखी पेपर आणि दोन प्रॅक्टिकल उरतात, म्हणजे सहा दिवस. त्या सहा तारखा मेलमध्ये लिहून मंजूर करून घ्यायच्या. आणि रोज परतूर-जालना रेल्वेने जाऊन-येऊन अभ्यास कधी होणार, हेही स्वतःला खरं खरं विचारायचं.

दोन्हीला नकार असेल, तर एकच हिशोब करा. शेवटच्या सेमिस्टरचा पेपर बुडाला की पुढच्या परीक्षेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने थांबावं लागतं. पदवी लांबली की पदवीच्या अटीवर मिळालेली हीच नोकरी पुन्हा अडकते. पेपर सोडून वाचवलेली नोकरी त्याच पेपरमुळे जाऊ शकते. तेव्हा पेपर द्या आणि एचआरला नम्र मेल टाका: "सध्या रुजू होता येत नाही, 25 मेनंतर जागा निघाल्यास कृपया विचार व्हावा." नाव चांगल्या यादीत राहतं.

तर आज रात्री टाइमटेबल उघडा, प्रॅक्टिकल आणि बॅकलॉगसकट शेवटची तारीख काढा, पुढचा सोमवार शोधा. तुमची तारीख तीच. हा भाग वर्गातल्या ग्रुपवर टाका, कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये आत्ता ऑफर लेटर पडलेलं असेल. भेटू पुढच्या भागात!