आवडलेल्या छायाचित्रावरून नवे चित्र



कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पाठासाठी चित्र करवून घेताना पुष्कळ शिक्षक आवडत्या छायाचित्राचे नावच प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्रास द्यावयाच्या लेखी वर्णनात, घालतात. मग हाती येते ती नक्कल.

डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात टिपलेले ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र घ्यावे. मध्यभागी चिंतातुर आई, गालाशी टेकलेला हात, दोहो बाजूंस तोंडे फिरवून बिलगलेली मुले. येथे डोळा कोठे खिळतो, आणि का? मुलांची तोंडे दिसत नाहीत, म्हणून आईचा चेहरा तेवढा उरतो. चौकट माणसांनी भरली आहे. मोकळी जागा जवळजवळ नाहीच. प्रकाश मऊ, तरी कपाळावरील आठ्या स्पष्ट दिसतात. घ्यावयाची ती ही कारणे. आई, मुले आणि तो हात सोडून द्यावा.

आता छायाचित्र झाकून लिहावे: “बाजार उठल्यावर पालाखाली बसलेला वृद्ध कुंभार. चौकट न विकलेल्या मडक्यांनी भरलेली. मडक्यांची तोंडे पलीकडे वळलेली, चेहरा दिसतो तो कुंभाराचाच. ढगाळ सायंकाळचा मऊ प्रकाश. नजर दूर, चौकटीबाहेर.”

‘दुःखी’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे. त्याने यंत्र बहुधा अश्रूच काढते; न विकलेली मडकी अधिक सांगतात.

तयार चित्र मूळ छायाचित्र ठाऊक असलेल्या सहकाऱ्यास दाखवावे. त्याने ते तत्काळ ओळखले, तर एखादी मूळची खूण, बहुधा तो हातच, राहून गेली आहे. ती काढून वर्णन पुन्हा लिहावे.