चूक तेवढी उरू द्या

मोझिला ब्राउझरमध्ये पूर्वी एक दोष आढळला होता. एक वेबपान छापायला दिलं, की ब्राउझर बंद पडायचा. त्या पानात सुमारे 900 ओळी होत्या. मग दोष नेमका कुठे शोधायचा?

(विराम)

अंदाज बांधण्यापेक्षा पान कमी करत जावं. अर्धा भाग काढा. पुन्हा छापून पाहा. ब्राउझर अजूनही बंद पडतो? मग काढलेला भाग निर्दोष, तो परत नको. बंद पडत नाही? मग तो भाग परत ठेवा आणि दुसरा अर्धा काढून पाहा. दोन्हींनी जमलं नाही, तर आणखी लहान तुकडे काढा. आंद्रेआस झेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट या संशोधकांनी हेच काम संगणकाकडून करून घेतलं. शेवटी उरली एकच खूण: सिलेक्ट, म्हणजे निवडयादीची खूण. बाकी सगळं पान बिनमहत्त्वाचं ठरलं.

(विराम)

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, थेट कोड वाचावा. पण कुठला कोड वाचायचा, हेच तर ही खूण सांगते. दुसरी शंका रास्त आहे. काटछाट करताना भलताच दोष समोर आला तर? म्हणून दर वेळी तीच चूक, त्याच ठिकाणी होते का, हे तपासा. आणि चूक कधी होते, कधी होत नाही, अशी असेल, तर प्रत्येक चाचणी अनेकदा करा.

थोडक्यात, एक तुकडा काढा, तीच चूक उरते का पाहा, मगच पुढचा तुकडा काढा.