शेवया विकायच्या, पण खोका आधी मोजा

(आंबिवली येथे महिला बचत गटासमोर केलेले भाषण)



गटातल्या एका आपांनी विचारलं, "इन्स्टाग्रामवर फोटो कसा टाकायचा?" फोटो पाच मिनिटांत टाकता येतो. पैसे बुडतात ते त्यानंतर, पार्सलमध्ये. म्हणून आज आपण ईदच्या भाजलेल्या शेवयांच्या एकाच पाकिटाचा हिशोब करू.

पाकीट 400 ग्रॅमचं धरा. माल आणि गॅस 60 रुपये, पिशवी, खोका, लेबल 22 रुपये आणि तुमची मजुरी 40 रुपये. मजुरी सोडू नका, घरचं काम फुकट नसतं. झाले 122. विक्री 160 ला केली तर 38 उरतात. कुरियर यात नाही, ते गिऱ्हाइकाला वेगळं सांगा.

आता खोका. कुरियरवाले सहसा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी पैसे घेतात. वजन ते दोन प्रकारे काढतात, काट्यावर आणि आकारावरून. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. दोन्हीत जे जास्त, त्याचे पैसे.

घरात पडलेला 25 × 20 × 12 चा खोका घेतलात तर 6000 भागिले 5000, म्हणजे 1.2 किलो. आत माल 400 ग्रॅम, पैसे मात्र दीड किलोचे! तोच माल 20 × 15 × 8 च्या खोक्यात भरला तर 0.48 किलो येतं. काट्यावरही खोक्यासकट 500 च्या आत बसतं. म्हणून पाकीट अर्ध्या किलोचं करू नका. खोक्याचं वजन धरून ते पुढच्या टप्प्यात जातं. शेवया लांब ठेवल्या तर या खोक्यात मावणार नाहीत, तुकडे करूनच भाजा आणि फोटोतही तशाच दाखवा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये फोटोखाली वजन, किंमत, "कुरियर वेगळं" आणि माल किती दिवसांत निघेल हे लिहा. खाण्याचा पदार्थ आहे, तेव्हा एफएसएसएआयची नोंदणी काढा आणि तिचा 14 आकडी क्रमांक लेबलवर छापा.

शेवटचं, पैसे. गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला म्हणजे पैसे आले असं नाही, तो बनावट असू शकतो. आपल्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच खोका बंद करा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणालं की फोन ठेवा. फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच 1930 वर कळवा.

मी मोजपट्टी आणि काटा आणलाय. पुढे या, तुमचे खोके आत्ताच मोजू.