नोकरी सोडण्याआधीची शिदोरी

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळपासून मला एकच प्रश्न दहा जणांनी विचारला. "एवढी चांगली पगाराची नोकरी सोडलीस, घर कसं चालतं?" विचारताना काहींच्या चेहऱ्यावर काळजी होती, काहींच्या चेहऱ्यावर वेगळाच भाव होता. त्यांनाही एकदा सोडून बघायचं आहे, असा. म्हणून संयोजकांनी दिलेला 'माझा प्रवास' हा विषय बाजूला ठेवून मी सरळ पैशांचा हिशेबच सांगते. आपल्याकडे हे आकडे चारचौघांत बोलायची पद्धत नाही, पण घरच्याच माणसांसमोर काय लपवायचं?

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होते. आता दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करते. सकाळी काट्यावर वजन झालं, फॅट आणि एसएनएफ मोजला, की उत्पादकाच्या नावावर नोंद होते आणि दहा दिवसांचं बिल तयार होतं. काम छोटं दिसतं, पण गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो. केंद्रचालक आधी शेजारच्या गावात वर्षभर कसं चाललंय ते बघतो, मग पैसे देतो. म्हणजे पहिलं दीड वर्ष घरात काही येणार नाही, हे धरूनच चालायला हवं होतं.

सुरुवात खर्चापासून केली. "महिन्याला घरखर्च किती?" असं विचारलं, की आपण सगळे किराणा, हप्ता, वीजबिल, पेट्रोल यांची बेरीज सांगतो. आमच्या घरात तो तोंडी आकडा ७० हजार होता. मग मी बँकेची सलग बारा महिन्यांची विवरणपत्रं काढली आणि घरातून बाहेर गेलेला प्रत्येक रुपया मिळवला. बेरीज आली ११ लाख ७६ हजार, म्हणजे महिना ९८ हजार. मधले २८ हजार कुठे होते? मुलांची शाळेची फी, विम्याचे हप्ते, गाडीची सर्व्हिसिंग, सोसायटीचं रंगकाम, दिवाळी आणि दोन लग्नांचा आहेर. हे खर्च वर्षातून एकदा येतात म्हणून महिन्याच्या हिशेबात कुणी धरत नाही. म्हणून तीन महिन्यांचे कागद बघून उपयोग नाही, बारा महिन्यांचेच हवेत.

माझे यजमान ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. त्यांचा हातात येणारा पगार ५२ हजार. म्हणजे माझा पगार बंद झाला की तूट ४६ हजारांची. त्यात आरोग्य विम्याचे चार हजार मिळवले, कारण कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. तूट झाली महिना ५० हजार. इथून पुढे मला फक्त हाच एक आकडा लागला. पगार किती होता, हा प्रश्नच उरला नाही.

विम्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तिथे पैशांपेक्षा तारीख महत्त्वाची असते. स्वतःची पॉलिसी घेतली की सुरुवातीचे तीस दिवस अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसतं. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक शस्त्रक्रियांसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारांना त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. राजीनाम्यानंतर पॉलिसी घेतली तर नेमकं सगळ्यात अडचणीचं वर्ष उघडं पडतं. आम्ही ती नोकरी सोडायच्या दीड वर्ष आधी घेतली, सासऱ्यांची वेगळी. नोकरी सोडून पाच महिने झाले आणि त्यांना मोतीबिंदू निघाला. पॉलिसीला तेवीस महिने झाले होते! डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दोन महिने थांबलं तर बिघडत नाही. थांबलो, आणि विम्यातून झालं. पण प्रत्येक आजार असा थांबणारा नसतो, म्हणून औषधपाण्याचे तीन लाख वेगळे होतेच.

आता किती महिने? मी अठरा महिने प्रयत्नाला धरले आणि वर सहा महिने परतीला. हे परतीचे सहा महिने बहुतेक जण धरत नाहीत. अठरा महिन्यांचे पैसे घेऊन निघतात आणि अठराव्या महिन्यात खातं रिकामं झालं की मिळेल ती नोकरी धरतात. आमच्या क्षेत्रात चाळिशीनंतर नोकरी शोधायला, मुलाखती पार पडायला आणि पहिला पगार हातात यायला चार-पाच महिने सहज जातात. यात्रेला जाताना आजी परतीच्या एसटीचे पैसे रुमालाच्या वेगळ्या गाठीत बांधायची, तसंच हे. त्या गाठीला यात्रेत हात लावायचा नाही.

म्हणजे घरासाठी चोवीस महिने गुणिले ५० हजार, १२ लाख. त्यातले शेवटचे तीन लाख परतीचे. औषधपाण्याचे तीन लाख. आणि कामासाठी पाच लाख, म्हणजे सर्व्हर, गावोगावचा प्रवास, चाचणीसाठी एक फॅट मशीन आणि काटा, फोन घ्यायला एक मुलगा. एकूण २० लाख. घराचे आणि कामाचे पैसे वेगवेगळ्या खात्यांत ठेवले. एकाच खात्यात असते तर "या महिन्यात अजून एक मशीन घेऊ" म्हणत घराचे दोन महिने कधी संपले ते कळलंही नसतं.

हे २० लाख कसे जमले? नोकरीत असताना दोघांचा पगार मिळून १ लाख ९२ हजार यायचा. खर्च आणि विमा वजा जाता ९० हजार उरत. अठरा महिन्यांत त्याचे १६ लाख २० हजार झाले, आणि चार लाखांची मुदत ठेव आधीची होती. माझ्या पगारातले ५० हजारच घराच्या खात्यात यायचे आणि उरलेले त्याच दिवशी दुसरीकडे जायचे. त्यामुळे घर दीड वर्ष आधीपासूनच नंतरच्या पैशांत राहत होतं. मुलांनाही फरक जाणवला नाही, कारण फरक पडायचा तो आधीच पडून गेला होता. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मी या २० लाखांत धरली नाही. ते म्हातारपणाचे पैसे आहेत.

या काळात मला सगळ्यात जास्त मिळालेला सल्ला होता, "आधी गृहकर्ज फेड, मग काय ते कर." सल्ला देणारी माणसं शहाणी आहेत, आणि पगारदार माणसाला तो सल्ला बरोबरही आहे. पण नोकरी सोडणाऱ्यासाठी गणित उलटं होतं. आमचं कर्ज १६ लाख शिल्लक होतं आणि हप्ता ३१ हजार. जमवलेले १६ लाख बँकेला दिले असते, तर पुढच्या चोवीस महिन्यांत हप्ते वाचले असते ७ लाख ४४ हजारांचे. म्हणजे आज १६ लाख द्यायचे आणि गरजेच्या काळात साडेसात लाखांचा उपयोग. फेडलेले पैसे परत मागायला गेलं, तर बँक आधी पगाराची स्लिप विचारते, आणि तीच तर आपण सोडून आलेलो. कर्ज साडेआठ टक्क्यांनी आणि ठेव सात टक्क्यांनी, म्हणजे पैसे हातात ठेवण्याची किंमत १६ लाखांवर वर्षाला २४ हजार पडत होती, वर ठेवीच्या व्याजावरचा कर. ती मी आनंदाने दिली.

पैसे शेअर बाजारात ठेवले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता आणि २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला. बाजार नंतर सावरला, हे खरं. पण बाजार पडतो तेव्हाच नोकऱ्याही आटतात आणि गिऱ्हाईकही हात आखडतं. म्हणजे शिदोरी नेमकी उघडायच्या दिवशीच निम्मी. म्हणून तीन महिन्यांचे पैसे बचत खात्यात आणि बाकीच्या वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी केल्या, त्याही तीन-चार बँकांत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजारच रुपये काढता येत होते, हे आठवत असेल. आता ठेव विमा पाच लाखांपर्यंत आहे, पण तो एका बँकेत एका माणसाला, सगळ्या शाखा आणि व्याज धरून.

नोकरी सोडल्यावर दर एक तारखेला ठेवीतून ५० हजार घराच्या खात्यात जायचे, पगारासारखे. आणि महिन्याला एकच आकडा मी फ्रिजवर लिहायची: किती महिने उरले. शिल्लक भागिले गेल्या तीन महिन्यांची सरासरी तूट. दर महिन्याला तो आकडा एकाने कमी व्हायला हवा. दोनने कमी झाला, की कुठेतरी गळती आहे असं समजायचं आणि त्याच आठवड्यात शोधायची. आमच्याकडे एकदाच तसं झालं, जूनमध्ये. शाळेची फी वाढली होती.

आठव्या महिन्यात एका मोठ्या खरेदीदाराने सॉफ्टवेअर एकरकमी मागितलं. रक्कम दिसायला मोठी होती, पण अट अशी की ते पुन्हा दुसऱ्या कुणाला विकायचं नाही. त्या दिवशी फ्रिजवर सोळा लिहिलेलं होतं. मी नाही म्हणाले आणि रात्री झोपही लागली. तिथे तीन असते, तर मी सही केली असती, हे मला पक्कं माहीत आहे.

निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी एका कागदावर लिहून ठेवलं होतं: बाराव्या महिन्यापर्यंत चाळीस केंद्रं, अठराव्यापर्यंत नव्वद. वर्षाची फी सहा हजार. हे आधीच लिहायचं, कारण मध्ये असताना माणूस स्वतःला काहीही पटवून देतो. बाराव्या महिन्यात सदतीस झाली. अठराव्यात एकशे चार, कारण पहिल्या वर्षीच्या केंद्रांनी शेजारच्या गावांत सांगितलं. कामाचा खर्च जाऊन घरात महिना ३० हजार येऊ लागले. तूट २० हजारांची उरली. परतीच्या तीन लाखांतून ती पंधरा महिने भागली असती, मोह झालाच. पण त्या गाठीला हात लावला नाही. त्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस एका ओळखीच्या कंपनीचं काम घेतलं, अजून करते.

परतीची ठेव गेल्या महिन्यात मुदत संपून पुन्हा वर्षभरासाठी ठेवली आहे. ज्यांना हा हिशेबाचा तक्ता हवा असेल, त्यांनी चहानंतर आपल्या जुन्या दहावी 'ब'च्या वर्गात यावं, मी लॅपटॉप घेऊन तिथेच बसणार आहे. फक्त बारा महिन्यांची विवरणपत्रं मोबाइलवर उतरवून आणा. तोंडी आकडे मी घेणार नाही.