मिश्र वाक्य आणि अचूकता : इंग्रजी लेखनपरीक्षेतील एक अडचण
(इंग्रजी विषयाच्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या अनेक तरुणांना आय.ई.एल.टी.एस. ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने २०१८ साली परिचारिकांसाठी लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली. तथापि ऐकणे, वाचणे व बोलणे यांत ७ ची अट कायम ठेवली. लेखनातच उमेदवार अधिक अडतात, हे यावरून ध्यानात यावे.

लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नासाठी सुमारे ४० मिनिटे मिळतात व किमान २५० शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो. त्याचे गुणांकन चार निकषांवर होते आणि चारही निकषांना समान वजन आहे. त्यांपैकी एक निकष व्याकरणाचा. त्यात दोन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात : वाक्यरचनेची विविधता आणि अचूकता.

सहा आणि सात यांमधील अंतर

विविधता हवी म्हटल्यावर विद्यार्थी लांबलचक मिश्र वाक्ये लिहू लागतो आणि तेथेच घसरतो. परीक्षकांसाठीची वर्णने पाहिली म्हणजे कारण उमगते. सहाव्या श्रेणीच्या लेखनात केवल व मिश्र अशी दोन्ही वाक्ये असतात. परंतु मिश्र वाक्ये केवल वाक्यांइतकी अचूक नसतात. सातव्या श्रेणीत मिश्र रचनांचे अनेक प्रकार दिसतात आणि निर्दोष वाक्ये वारंवार आढळतात. आठव्या श्रेणीत बहुतांश वाक्ये निर्दोष असतात. म्हणजे सहावरून सातवर जाण्यासाठी मिश्र वाक्यांची संख्या वाढविणे पुरेसे नाही. जी मिश्र वाक्ये लिहिली जातात, ती निर्दोष उतरली पाहिजेत.

मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या मिश्र वाक्यांतील चुका बऱ्याच अंशी ठराविक असतात. त्यांचे मूळ मराठीच्याच रचनेत आहे. मराठीचे मिश्र वाक्य जोडीने चालते : जरी–तरी, जो–तो, जर–तर. इंग्रजीत बहुधा एकच जोडशब्द दोन्ही वाक्यांचा भार वाहतो.

एक उदाहरण

समजा, एका परिचारिकेला निबंधाचा विषय आला : सरकारी पैसा शहरातील मोठ्या रुग्णालयांवर खर्च व्हावा की गावोगावच्या दवाखान्यांवर? तिने पहिल्या परिच्छेदात चार वाक्ये लिहिली :

"ऑल्दो सिटी हॉस्पिटल्स हॅव मॉडर्न मशीन्स, बट व्हिलेजर्स कॅनॉट रीच देम इन टाइम. बिकॉज द रोड्स आर बॅड. द पेशंट्स हू लिव्ह फार अवे, दे अराइव्ह लेट. इफ गव्हर्नमेंट विल ओपन अ क्लिनिक इन एव्हरी व्हिलेज, दीज पेशंट्स विल गेट अर्ली ट्रीटमेंट."

विचार सुसंगत आहे, अर्थही कळतो. परंतु चारांपैकी एकही वाक्य निर्दोष नाही.

पहिल्या वाक्यात 'जरी–तरी'ची जोडी इंग्रजीत उतरली आहे. 'ऑल्दो' आले की 'बट' येत नाही. दुसरे वाक्य अपुरे आहे. मराठीत "कारण रस्ते वाईट आहेत" असे स्वतंत्र वाक्य सहज लिहितात. औपचारिक इंग्रजीत 'बिकॉज'ने आरंभलेला भाग मुख्य वाक्याशी जोडावाच लागतो. तिसऱ्या वाक्यात "जे रुग्ण दूर राहतात, ते उशिरा येतात" यातील 'ते' हे 'दे' होऊन अवतरले आहे. चौथ्यात "सरकार उघडील तर" यातील भविष्यकाळ 'इफ'च्या भागात शिरला आहे. तेथे इंग्रजीस साधा वर्तमानकाळ लागतो. शिवाय 'गव्हर्नमेंट'पूर्वीचे 'द' राहून गेले आहे.

आता तोच परिच्छेद दुरुस्त करून पाहावा :

"ऑल्दो सिटी हॉस्पिटल्स हॅव मॉडर्न मशीन्स, व्हिलेजर्स ऑफन कॅनॉट रीच देम इन टाइम बिकॉज द रोड्स आर बॅड. डिलेज कॉस्ट लाइव्ज. पेशंट्स हू लिव्ह फार अवे अराइव्ह लेट. इफ द गव्हर्नमेंट ओपन्स अ क्लिनिक इन एव्हरी व्हिलेज, दीज पेशंट्स विल गेट अर्ली ट्रीटमेंट."

येथेही वाक्ये चारच आहेत. पण ती चारही निर्दोष आहेत. तीन मिश्र वाक्ये तीन निरनिराळ्या प्रकारांची आहेत. मध्ये "विलंबामुळे प्राण जातात" एवढ्याच अर्थाचे लहानसे केवल वाक्य आहे. ते विविधतेला बाधक नाही, उलट पूरकच आहे. आणि लिहिणाऱ्यास क्षणभर उसंतही देते.

घड्याळ समोर असता तपासणी

चाळीस मिनिटांपैकी पाच मिनिटे आराखड्यास, तीस लेखनास आणि शेवटची पाच तपासणीस ठेवावीत. तपासताना सर्व निबंध नुसता पुन्हा वाचला तर डोळा चुकांवरून घसरतो. त्याऐवजी प्रत्येक मिश्र वाक्यात दोन गोष्टी मोजाव्यात.

प्रथम, काळ दाखविणारी क्रियापदे मोजावीत; सहाय्यक क्रियापद व मुख्य क्रियापद मिळून एक धरावे. जोडशब्द क्रियापदांपेक्षा एकाने कमी असावेत. परिचारिकेच्या पहिल्या वाक्यात क्रियापदे दोन व जोडशब्दही दोन, म्हणून 'बट' अधिक. दुसऱ्यात क्रियापद एक आणि जोडशब्दही एक, म्हणून वाक्य अपुरे. दोन क्रियापदे केवळ स्वल्पविरामाने जोडली असतील तर जोडशब्द शून्य भरतो आणि तीही चूक उघड होते. दुरुस्त परिच्छेदातील पहिल्या वाक्यात क्रियापदे तीन आणि जोडशब्द दोन आहेत, हिशेब जुळतो.

तिसरे सदोष वाक्य मात्र या मोजणीतून सुटते, कारण त्यात क्रियापदे दोन व जोडशब्द एकच आहे. म्हणून दुसरी मोजणी कर्त्यांची. एका क्रियापदास एकच कर्ता असावा. तेथे 'पेशंट्स', 'हू' आणि 'दे' असे तीन कर्ते दोन क्रियापदांवर बसले आहेत. त्यांतील 'दे' काढावा.

या रीतीची मर्यादाही ध्यानी ठेवावी. 'इफ'नंतरचा 'विल' व गाळलेला 'द' मोजणीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी एकदा केवळ 'इफ' शोधत आणि एकदा केवळ नामे पाहत नजर फिरवावी लागते. उपपदे मराठीत नसल्यामुळे ती सर्वांत अधिक सुटतात, आणि एक उपपद सुटले तरी ते वाक्य निर्दोषांत गणले जात नाही.

वर्गातील क्रम

आरंभी घड्याळ न लावता या तीन-चार रचनांची प्रत्येकी दहा वाक्ये लिहून घ्यावीत व वरील मोजणी विद्यार्थ्याकडूनच करवावी. त्या निर्दोष येऊ लागल्या की दहा मिनिटांत एक परिच्छेद, आणि त्यानंतर चाळीस मिनिटांत पूर्ण निबंध. प्रत्येक निबंधाखाली एकूण वाक्ये किती व निर्दोष किती, हे दोन आकडे लिहावेत. वेळ लावताच दुसरा आकडा एकदम उतरला, तर रचना अद्याप हातात बसलेली नाही असे समजून मागील पायरीवर परतावे. पाठ केलेली भारदस्त वाक्ये निबंधात चिकटविण्याचा मार्ग मात्र टाळावा. परीक्षकास ती ओळखू येतात आणि उमेदवाराचे स्वतःचे लेखन म्हणून ती धरली जात नाहीत.

परीक्षेच्या दालनात नवी रचना प्रथमच आजमावू नये. वाक्य लिहिता लिहिता हातून निसटू लागले, तर तेथेच पूर्णविराम द्यावा आणि उरलेला विचार पुढच्या वाक्यात मांडावा. तुटलेल्या एका दीर्घ वाक्यापेक्षा निर्दोष अशी दोन वाक्ये गुणपत्रिकेवर अधिक मोलाची ठरतात.